पालकांच्या देखरेखीखाली

परवा नातीचा फोन आला. "आजी, मी मुलांसाठी पेपर क्राफ्टचं कॅरोसेल केलंय, बघून सांग ना." मला आपलं वाटलं, जत्रेतला तो गोल फिरणारा घोड्यांचा पाळणा असतो ना, तो हिने कागदाचा केला असेल. हौशी आहे पोरगी. म्हटलं, "फिरतो का गं?" पलीकडे दोन मिनिटं नुसतं हसणं चाललं होतं. मग कळलं की कॅरोसेल म्हणजे मोबाईलवर बोटाने एकामागून एक सरकवायची चित्रं. पहिल्यावर तयार वस्तू, दुसऱ्यावर साहित्य, मग कृती, आणि अगदी शेवटी "लहान मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली करावे". इन्स्टाग्रामवर आधी अशी दहाच चित्रं मावायची, २०२४ पासून वीस मावतात, ही माहितीही मिळाली. असो. वस्तू होती आकाशकंदील. तोच, कागद दुमडून काप देऊन करतात तो, आपण सगळ्यांनी शाळेत केलेला.

चित्रं सुंदर होती हं. लाकडी टेबल, वर दोन झेंडूची फुलं, बाजूला चहाचा कप. (कंदिलाला चहाचा कप कशाला लागतो ते विचारलं नाही. वय झालं की काही प्रश्न गिळावेत.) मी कौतुक केलं आणि घरच्या ग्रुपवर टाकून दिलं. आमच्या नेरुळच्या घरी धाकटा नातू दुसरीत आहे, सुट्टी लागलेली होती, सून ऑफिसात. मी स्वयंपाकघरात चकलीची भाजणी चाळत होते. हा पठ्ठ्या फोन समोर ठेवून बसला एकटाच. अर्ध्या तासाने आवाज बंद. लहान मूल घरात आहे आणि आवाज नाही म्हणजे काहीतरी झालंय, हे शिक्षिकेला सांगावं लागत नाही. जाऊन बघते तर हा हातात एक विचित्र वस्तू धरून बसलेला. मधे एक कणा आणि दोन्ही बाजूंना काटे. खाऊन झालेल्या बांगड्याचा सांगाडा जसा दिसतो, अगदी तस्सा. डोळे भरलेले. म्हणाला, "आजी, माझे हातच वाईट आहेत."

सात वर्षांच्या मुलाचं हे वाक्य मला काही झोपू देईना. रात्री चष्मा लावून ती दहाच्या दहा चित्रं मी पुन्हा बघितली, पेपर तपासायला बसते तशी. आणि माझं मत असं झालंय की हात त्याचे वाईट नव्हते, कृती चुकीची सांगितलेली होती. नुसती हीच नव्हे, अशा बहुतेक कृती तशाच असतात. तेच सविस्तर लिहायला आज बसले आहे. नातीला विचारून लिहिते आहे, त्यामुळे आमच्या घरात भांडण लावू नये!

तर तो सांगाडा कसा झाला ते आधी बघू. कागद उभा लांबट दुमडायचा, म्हणजे ए-फोर कागदाची २९.७ सेंटीमीटर लांब आणि साधारण साडेदहा रुंद अशी पट्टी होते. या पट्टीच्या दोन लांब बाजू दिसायला सारख्याच. पण एका बाजूला घडी आहे आणि दुसऱ्या बाजूला कागदाच्या दोन मोकळ्या कडा. कंदील व्हायचा तर मोकळ्या कडेपासून दोन सेंटीमीटर सोडून रेष मारायची आणि घडीकडून त्या रेषेपर्यंत काप द्यायचे. उघडलं की वर एक पट्टा, खाली एक पट्टा आणि मधे उभ्या फिती. आता हेच उलटं करा. रेष घडीजवळ मारा आणि कात्री मोकळ्या बाजूने चालवा. उघडल्यावर मधे घडीचा कणा राहतो आणि दोन्हीकडे काटे सुटतात. त्याला कितीही गुंडाळा, कंदील होणे नाही.

नातीच्या चौथ्या चित्रावर लिहिलं होतं, "कडेपासून दोन सें.मी. सोडून रेष मारा". कोणत्या कडेपासून? करणाऱ्याला माहीत असतं, म्हणून त्याला हा प्रश्न पडत नाही. शिवाय चौथ्या चित्रात घडी खाली होती आणि पाचव्यात वर, कारण फोटो काढताना तिने उजेडासाठी कागद फिरवला होता. मुलाने चित्रात दिसलं तसं केलं. आज्ञाधारकपणे केलं, म्हणून तर चुकलं.

हे वाचताना मला माझाच एक तास आठवला आणि कान गरम झाले. कोठारी आयोगाच्या (१९६४-६६) अहवालात कार्यानुभवाची शिफारस झाली आणि पुढे तो विषय शाळांच्या वेळापत्रकात आला. मी मराठी शिकवणारी बाई, पण कुणाचा तरी तास कमी पडतो म्हणून कार्यानुभव माझ्या गळ्यात. दिवाळीच्या आधी पाचवीच्या वर्गात हाच कंदील घेतला. मी मुलांकडे तोंड करून उभी, घडी माझ्या पोटाकडे धरलेली, आणि सांगते आहे, "आपल्याकडच्या बाजूने काप द्या." माझ्याकडची ती घडीची बाजू. मुलांनी बाकावर कागद ठेवला होता समोर दिसला तसा, म्हणजे मोकळी बाजू त्यांच्याकडे. वर्गात दहा-बारा सांगाडे झाले. मी काय केलं? "लक्ष कुठे असतं तुमचं?" म्हणून ओरडले. चूक माझ्या उभं राहण्यात होती हे कळायला मला चाळीस वर्षं आणि एक नातू लागला. मुलांच्या बाजूला जाऊन, त्यांच्याकडे पाठ करून, हात वर धरून दाखवायला हवं होतं, किंवा एका बाकावर बसून.

म्हणून माझी पहिली अट अशी, की पूर्ण कृतीभर कागदाची घडी करणाऱ्याच्या पोटाकडेच असली पाहिजे. प्रत्येक चित्रात. फिरवायचाच असेल तर फिरवण्याचं वेगळं चित्र हवं, वळणाऱ्या बाणासकट. आणि "कड" हा शब्द टाकूनच द्यावा. मी नातवाला दुसऱ्या दिवशी सांगितलं, "हे पुस्तक आहे समज. पुस्तकाची पाठ तुझ्या पोटाला लागली पाहिजे. पानं उघडतात ती बाजू लांब. कात्री पाठीकडून." त्याने एकदा उघडून बघितलं, मिटलं आणि मोकळ्या बाजूला पेन्सिलने स्वतःहूनच मोठी फुली मारली. इथे कात्री नाही म्हणून. ही फुली आता नातीच्या चित्रातही आहे.

फोटो चांगला की रेखाचित्र, यावर आमचा बराच वाद झाला. मी रेखाचित्राच्या बाजूची. फोटोत सावली येते, अंगठी येते, टेबलाच्या लाकडाच्या रेषा येतात, आणि कापायची रेष कोणती ते त्या गर्दीत हरवतं. जपानचे अकिरा योशिझावा यांनी १९५४ च्या आपल्या पुस्तकात घड्यांसाठी तुटक रेषा आणि बाण यांची पद्धत मांडली, आणि पुढे पाश्चात्त्य लेखकांनी तीत भर घालून ती जगभर रुळवली. आत जाणारी घडी म्हणजे दरी, वर येणारी म्हणजे डोंगर. दरीला नुसती तुटक रेष, डोंगराला तुटक रेषेत मधे टिंब. भाषा न येताही माणूस घडी घालू शकतो. आणि आणखी एक साधी युक्ती त्या चित्रांत असते, की कागदाची एक बाजू रंगीत आणि दुसरी पांढरी दाखवतात. त्यामुळे कोणती बाजू वर आहे हे सांगावंच लागत नाही. आपल्याकडे अरविंद गुप्तांची पुस्तकं बघा. आयआयटी कानपूरचे इंजिनियर, पुण्याच्या आयुकातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात बरीच वर्षं खेळणी करून दाखवली, २०१८ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या पुस्तकांतली पानं म्हणजे साधी काळी रेखाचित्रं, क्रमांक घातलेली, आणि बरोबर दोन ओळी. चहाचा कप कुठे नाही! शेवटी नातीने तडजोड केली. पहिलं आणि शेवटचं चित्र फोटो, मधली सगळी रेखाटनं.

आता साहित्याचं चित्र. तिथे लिहिलं होतं: रंगीत कागद, कात्री, गोंद, लेस, लाइट. किराण्याच्या यादीत "पीठ" लिहावं तसं झालं हे. कोणतं पीठ? कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे "रंगीत कागद" मागितला की तो घोटीव कागद देतो, एका बाजूने चकचकीत आणि पातळ. त्याच्या फिती लुळ्या पडतात, कंदील दमलेला दिसतो. दुसऱ्या दुकानात जाड कार्डशीट मिळतं, तेही चालत नाही. घडी घातली की घडीवर तडा जातो, दुहेरी कापताना लहान बोटं दुखतात, आणि फुगवायला गेलं की फिती गोल न वाकता मोडतात. हवा तो मधला कागद, साधारण १२० ते १६० जीएसएमचा.

जीएसएम म्हटलं की आमच्या वयाची माणसं पान उलटतात, पण ते फार सोपं आहे. एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम, एवढंच. आणि गंमत अशी की ए-फोरचे सोळा कागद जोडले की बरोबर एक चौरस मीटर होतो. म्हणजे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर सोळा कागद ठेवा, जो आकडा दिसेल तो जीएसएम. मी घरातले झेरॉक्सचे सोळा कागद ठेवून बघितले, काटा पंचाहत्तरच्या आसपास थांबला आणि पाकिटावरही पंचाहत्तरच छापलं होतं. नातू इतका खूश झाला की पुढचा अर्धा तास घरातल्या वह्या-पुस्तकांचं वजन चाललं होतं.

साहित्याच्या चित्रावर मला आणखी एक गोष्ट हवी होती आणि ती कुणीच लिहीत नाही: "एक कागद जास्तीचा." एकच कागद दिला आणि तो चुकला की मुलासाठी खेळ तिथे संपतो. जास्तीचा कागद यादीतच असेल तर चूक आधीच हिशोबात धरलेली आहे, असं मुलाला आपोआप कळतं.

मग मापांचा प्रश्न. मूळ कृतीत दोन-दोन सेंटीमीटरवर काप होते. म्हणजे चौदा काप, प्रत्येक साडेआठ सेंटीमीटरचा. गुणाकार करा. जवळजवळ एक मीटर वीस सेंटीमीटर कापणं झालं, तेही दुहेरी कागदातून. सातव्या वर्षी आठव्या-नवव्या कापानंतर हात थकतो आणि कात्री रेषेच्या पलीकडे जाते. एखादा काप रेष ओलांडून मोकळ्या कडेपर्यंत गेला, की वरचा आणि खालचा दोन्ही पट्टे तिथे तुटतात. आम्ही तीन-तीन सेंटीमीटरवर खुणा केल्या. नऊ काप, दहा फिती. कापणं पाऊण मीटरवर आलं. कंदील थोडा ठसठशीत दिसतो, पण सगळे काप त्याचे स्वतःचे आहेत. लहान मुलांसाठीची कृती आणि मोठ्या मुलांसाठीची कृती यात फरक करायचा तो असा मापांत. "वय ५ ते १२" असं वर लिहून टाकणं म्हणजे चपलेवर "सर्व मापांसाठी" लिहिण्यासारखं.

सगळ्यात मोठी सुधारणा क्रमात झाली, आणि ती मला करता करताच सुचली. मूळ कृतीत आधी बाहेरचा कापलेला कागद गोल चिकटवायचा आणि मग आत पिवळ्या कागदाची नळी घालायची. हे मोठ्यांनाही जमत नाही. नळी जाड झाली तर आत जात नाही, बारीक झाली तर आत लटलट करते. मग ओढाताण, आणि ओढाताणीत फिती फाटतात. उलट करून बघा. आधी पिवळी नळी करा. त्यासाठी दुसऱ्या ए-फोर कागदाच्या लांब बाजूवरून तीन सेंटीमीटरची पट्टी काढून टाकायची, म्हणजे उंची अठरा राहते. लांबीकडून गोल करून पावणेतीन सेंटीमीटर एकावर एक चिकटवायचा. साडेआठ सेंटीमीटर व्यासाची नळी तयार. ती पक्की वाळली की बाहेरचा कापलेला कागद तिच्याभोवती गुंडाळायचा. नळी कशीही झाली असो, भोवती गुंडाळलेला कागद तिला बसणारच.

गुंडाळताना फक्त वरचा पट्टा नळीच्या वरच्या काठाला चिकटवायचा. आता बाहेरचा कागद एकवीस सेंटीमीटर उंच आणि नळी अठरा, म्हणजे खाली तीन सेंटीमीटर जास्तीचा लोंबतो. तो खालचा पट्टा वर सरकवून नळीच्या खालच्या काठाशी जुळवला की फितींना जागा पुरत नाही आणि त्या बाहेर फुगतात, चांगल्या चार-पाच सेंटीमीटर. हा क्षण खरा बघण्यासारखा असतो. सपाट कागदाचा एकदम कंदील होतो. मात्र त्याआधी वरचा गोंद वाळायला हवा. ओला असताना खालून ढकललं की वरचा पट्टा सुटतो, आणि "आजी, चिकटतच नाहीये" सुरू. त्यामुळे इथे एक पूर्ण चित्र "थांबा" असं हवं असं मी म्हटलं. कपडे वाळत घालायचे चार चिमटे वरच्या पट्ट्याला लावायचे आणि दहा मिनिटं दुसरं काही करायचं. नात म्हणाली, "आजी, रिकामी स्लाइड कोण बघतं?" मी म्हटलं, रिकामी नाही, चिमट्यांची आहे. झिरमिळ्या त्या वेळात कापून होतात.

गोंदाबद्दल एक. आमच्या लहानपणी खळ असायची, मैद्याची नाहीतर कणकेची, आणि कीड लागू नये म्हणून मोठी माणसं त्यात मोरचूद घालत. जुनी आठवण म्हणून ही कृती आता काही जण हौसेने सांगतात. मोरचूद विषारी आहे. नुसत्या मैद्याची खळ शिजवा, दोन दिवसांत संपवा, उरली तर फेकून द्या. मुलांच्या हातात मोरचूद नको.

आणि आता त्या शेवटच्या ओळीकडे येते, जिच्यामुळे एवढं सगळं लिहिलं. "लहान मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली करावे." मला या वाक्याचा राग आहे. पहिली गोष्ट, ते शेवटी असतं. मूल दहाव्या चित्राशी पोचतं तेव्हा जे कापायचं ते कापून झालेलं असतं. दुसरी गोष्ट, देखरेख म्हणजे काय ते कुठेच सांगत नाहीत. एक पालक समोरच्या सोफ्यावर फोन बघत बसतो आणि त्याला वाटतं देखरेख चालू आहे. दुसरा "दे इकडे, तुला नाही जमणार" म्हणून कात्री काढून घेतो आणि पूर्ण कंदील स्वतः करून मुलाच्या हातात फोटोपुरता देतो. दोघांनीही ते वाक्य पाळलेलंच असतं! सिगरेटच्या पाकिटावरच्या इशाऱ्यासारखं ते लिहिणाऱ्याला मोकळं करतं, वाचणाऱ्याला काही सांगत नाही.

मी आणि नात बसलो आणि खरंच कुठे मोठं माणूस लागतं ते मोजलं. कात्री हा सगळ्यांचा पहिला धसका. पण गोल टोकाची, नीट चालणारी कात्री असेल तर सात वर्षांचं मूल सरळ काप देऊ शकतं. उलट "मुलांची" म्हणून मिळणारी बोथट कात्री जास्त वाईट, कारण ती कागद कापण्याऐवजी पात्यांत दुमडते, मग मूल जोर लावतं आणि हात घसरतो. मूल डावखुरं असेल तर नेहमीच्या कात्रीचं वरचं पातं त्याची रेष झाकतं आणि कात्री कागद चावते. डाव्या हाताची कात्री मिळते, ती आणावी. माझ्या वर्गातल्या एका डावखुऱ्या मुलाला मी "उजव्या हातात धर" म्हटलं होतं. तेव्हा सगळेच तसं म्हणायचे, हे काही कारण होत नाही.

कात्रीला मोठ्या माणसाने शेजारी बसावं, हात लावू नये. मात्र तीन ठिकाणी काम मोठ्यानेच करायचं. दोरीसाठी भोक पाडणं हे एक. मुलं यासाठी कंपासपेटीतलं कर्कटक घेतात, नळी डाव्या हातात धरतात आणि आरपार दाबतात. टोक सरळ तळहातात जातं. नळीच्या आत खोडरबर धरून बाहेरून टोचायचं, आणि ते मोठ्याने. दुसरं, टांगणं. आम्ही अकराव्या मजल्यावर राहतो. खिडकीच्या ग्रिलला कंदील बांधायला मुलाने स्टुलावर चढायचं नाही, आजीनेही नाही. बाबा येईपर्यंत कंदील टेबलावर.

तिसरं म्हणजे दिवा, आणि त्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे धोका दिसतच नाही. पूर्वी भीती आगीची होती. आमच्या चाळीत पणती ठेवलेला पतंगाच्या कागदाचा कंदील वाऱ्याने हलला आणि दोन मिनिटांत काड्याच उरल्या, हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे. पिवळे बल्बही तापायचे, कागद करपायचा. आता एलईडी आले, ते फारसे तापत नाहीत, त्यामुळे सगळे निर्धास्त. मुलांच्या कंदिलात त्या छोट्या प्लास्टिकच्या पणत्या ठेवतात, पणतीखाली बटणासारखा गोल चपटा सेल. त्याचं झाकण कित्येकदा नखाने उघडतं. मोठ्या मुलाने सेल काढून जमिनीवर ठेवला आणि रांगणाऱ्या भावंडाने तोंडात घातला तर? गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला की ओल्या त्वचेतून वीज वाहते आणि दोन तासांत आत खोल भाजतं. सेल जुना झालेला असला तरीही. मूल सुरुवातीला नुसतं लाळ गाळतं, खायला नको म्हणतं, खोकतं, आणि आपल्याला वाटतं सर्दी आहे. शंका जरी आली तरी वाट न बघता, उलटी करायला न लावता, थेट इस्पितळ. म्हणून स्क्रूने बंद होणाऱ्या झाकणाचीच पणती घ्यायची, आणि सेल घालणं-काढणं मोठ्याने. कात्रीला घाबरणारी आपण माणसं हा सेल मुलाच्या हातात सहज देतो.

हे सगळं मिळून नवीन चित्रं चौदा झाली. देखरेखीची टीप आता तिसऱ्या क्रमांकावर आहे, साहित्याच्या लगेच पुढे, आणि तिच्यात "देखरेख" हा शब्दच नाही. "भोक, दिवा आणि टांगणं मोठ्यांनी. काप मुलाचे, तुम्ही शेजारी बसा, कात्री मागू नका" एवढंच आहे. आणि त्या तीन कृतींच्या चित्रांवर कोपऱ्यात एक मोठा हात काढलाय, वाचता न येणाऱ्या मुलालाही कळावं म्हणून. नात म्हणते, चौदा चित्रं कुणी शेवटपर्यंत सरकवत नाही. असेल. ज्यांना कंदील करायचा नाही त्यांनी पहिलं बघून बदाम द्यावा की!

दुसऱ्या दिवशी नातवाने केला. मी शेजारी मटार सोलत बसले होते आणि सातव्या कापाला माझे हात शिवशिवले, कारण काप तिरका चालला होता. बसून राहिले. कंदील एका बाजूला थोडा कलतो. माहीमच्या कंदील गल्लीतला माल तो नव्हे. खाली झिरमिळ्या लावायची वेळ आली तेव्हा तो कुठूनतरी आदल्या दिवशीचा सांगाडा घेऊन आला. मी टाकून दिला असं मला वाटत होतं, त्याने दप्तरात ठेवला होता. "आजी, ही शेपटी." काटे खाली सोडून लावला. छान दिसतो.

आता त्याला काड्यांचा चांदणीचा कंदील हवाय, पतंगाच्या कागदाचा. त्याची चित्रं आम्ही अजून काढलेली नाहीत, कारण बांबूच्या कामट्या इकडे नेरुळ-सीवूड्सच्या बाजूला कुठे मिळतात तेच सापडत नाहीये. दोन झाडूवाल्यांना विचारून झालं. कुणाला ठाऊक असेल तर कृपया कळवा, दिवाळीच्या आत.